एकाच तिकिटावर दोन चौकटी

ऑनलाइन दुकानातून घेतलेला मिक्सर आठवड्यात बंद पडला आणि ग्राहकाने पैसे परत मागितले, असे समजा. मदतकेंद्रात या तक्रारीचे तिकीट तयार होते. त्यावर कर्मचाऱ्याला दोन प्रकारे लिहिता येते. ग्राहकाला उत्तर देता येते किंवा फक्त सहकाऱ्यांना दिसेल अशी अंतर्गत नोंद करता येते. झेनडेस्कमध्ये या दोहोंना Public reply आणि Internal note म्हणतात. लिहायची जागा मात्र एकच असते. बदलतो तो फक्त वरचा पर्याय.

आता त्या कर्मचाऱ्याला वरिष्ठांना सांगायचे आहे, “याने मागेही असेच पैसे घेतलेत, खरं वाटत नाही. आधी फोटो मागवू.” नुकतेच ग्राहकाला “तक्रार मिळाली” असे कळवल्यामुळे वरचा पर्याय Public reply वरच राहिला आहे. त्याने नेहमीच्या सवयीने बटण दाबले आणि ते वाक्य ईमेलने थेट ग्राहकाकडे गेले.

झेनडेस्कमध्ये असे उत्तर नंतर अंतर्गत नोंदीत बदलता येते. मग ते ग्राहकाला पोर्टलवर दिसत नाही, पण इनबॉक्समध्ये पोचलेला ईमेल परत येत नाही. म्हणून चूक लक्षात आल्यावर नोंद लपवून गप्प बसण्यापेक्षा वरिष्ठांना लगेच सांगावे आणि ग्राहकाला फोन करून माफी मागावी.

ईमेलवरून काम करणाऱ्यांची फसगत वेगळ्या ठिकाणी होते. रिक्वेस्ट ट्रॅकर या जुन्या प्रणालीत एका रांगेचे दोन पत्ते ठेवतात, एक उत्तरासाठी आणि एक अंतर्गत टिप्पणीसाठी. पत्ता चुकला की आपसातली चर्चा तक्रारदाराच्या हाती पडते.

हा घोटाळा टाळायला झेनडेस्क आणि जिरा अंतर्गत नोंदीला पिवळी पार्श्वभूमी देतात. झेनडेस्कमध्ये प्रशासकाला अंतर्गत नोंद हाच मूळ पर्याय ठरवता येतो. मग घाईत चूक झाली तरी मजकूर कार्यालयातच राहतो.

पण याची दुसरी बाजूही आहे. आता ग्राहकासाठी लिहिलेले उत्तरच पिवळ्या चौकटीत अडकू शकते. कर्मचारी तिकीट Pending करतो, म्हणजे पुढचे पाऊल ग्राहकाचे, असे धरतो. ग्राहकाला काहीच मिळालेले नसल्याने तो कंपनीच्या उत्तराची वाट पाहत राहतो. काही कंपन्यांत ठरावीक दिवसांनी अशी तिकिटे आपोआप बंद होतात आणि मिक्सरवाल्याला उत्तराआधीच तक्रार मिटल्याचा निरोप जातो. त्यामुळे Pending तिकिटांची यादी रोज चाळून ज्यांतली शेवटची नोंद पिवळी आहे ती उघडून पाहावी लागतात.