पाण्यानं खाल्लेला लाल

सालमियातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर स्विमिंग पूल आहे. जूनमधल्या एका दुपारी तिथं लेकीचा पाण्याखालचा फोटो काढला आणि सांगलीला आईला पाठवला. पाच मिनिटांत तिचा फोन. "अरे, पोरीला किती वेळ पाण्यात ठेवलंयस? ओठ बघ कसे निळे पडलेत. आधी बाहेर काढ तिला!" कुवेतच्या जूनमध्ये गच्चीवरच्या पूलचं पाणी आंघोळीच्या पाण्याइतकं कोमट असतं, हे तिला पटवताना माझी दमछाक झाली. पण फोटो पुन्हा पाहिला आणि वाटलं, तिचं काय चुकलं? ओठ जांभळट, गाल शेवाळी, हात राखाडी. कुठल्याही आजीच्या काळजात धस्स व्हावं असाच चेहरा होता तो.

पाणी रंगहीन असतं असं आपण शाळेत शिकतो. पेलाभर पाण्यापुरतं ते खरं आहे. पण पाण्याचा रेणू लाल प्रकाश थोडाथोडा शोषत असतो, आणि अंतर वाढलं की हा थोडाथोडा हिशेब मोठा होतो. शुद्ध पाण्याच्या प्रत्येक मीटरमागे गडद लाल प्रकाशातला साधारण तीन दशांश भाग नाहीसा होतो. हिरव्यातला जेमतेम पाच-सहा टक्के जातो, निळ्यातला एक टक्काही नाही. सर सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये युरोपहून परतताना, मुंबई बंदरात पोहोचलेल्या जहाजावरूनच, 'नेचर'ला समुद्राच्या रंगावर पत्र धाडलं होतं. त्यांचा भर पाण्याच्या रेणूंकडून होणाऱ्या विकिरणावर होता. खोल समुद्राला ते लागू पडतं. पूलमधल्या दोन-चार मीटरांत मात्र खरा कारभार शोषणाचाच.

यात एक गोष्ट हमखास विसरली जाते. अंतर म्हणजे नुसती खोली नव्हे. लेक पाण्याखाली एक मीटरवर होती आणि मी तिच्यापासून दोन मीटरवर. ऊन आधी एक मीटर खाली उतरलं, तिच्या गालावरून परतलं आणि आणखी दोन मीटर आडवं माझ्यापर्यंत आलं. हे झाले तीन मीटर. तेवढ्यात गडद लालातला साधारण तिसरा हिस्साच उरतो. म्हणून उथळ पाण्यातही लांबून काढलेला फोटो निळा येतो.

आता त्वचेवरच हा घाव इतका का दिसतो? रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश खातं, मेलॅनिन निळा जास्त खातं. त्यामुळे दिवसाच्या उजेडात माणूस गोरा असो की काळासावळा, कातडीवरून परतणाऱ्या प्रकाशात लाल सर्वांत जास्त, मग हिरवा, मग निळा. पाणी नेमकं त्या लालावर हात मारतं. निळ्या टाइल्सना त्याचा पत्ताही लागत नाही, चेहरा मात्र उतरतो.

शिवाय दुसरी एक चोरटी भर पडते. पाण्यातले सूक्ष्म कण आणि भोवतालच्या टाइल्स यांच्यावरून आलेला निळसर उजेड कॅमेरा आणि माणूस यांच्यामध्ये तरंगत राहतो आणि फोटोवर झिरझिरीत पडदा टाकतो. म्हणजे दुखणी दोन: लाल कमी झालाय, आणि निळा-हिरवा वरून मिसळलाय. पहिल्यावर इलाज गुणाकाराचा, दुसऱ्यावर वजाबाकीचा. बहुतेक लोक फक्त तापमानाची पट्टी पिवळ्याकडे ओढतात. ती गुणाकार करते, पडदा तसाच ठेवते, आणि मग चेहरा मातकट केशरी होतो.

माझ्या नशिबानं लेकीच्या गॉगलचा पट्टा काळा होता आणि टोपीवर पांढरी पट्टी. दोन्ही चेहऱ्याइतक्याच अंतरावर. हे महत्त्वाचं, कारण मागच्या भिंतीवरचा पांढरा रंग घेतला असता तर हिशेब लांबच्या पाण्याचा झाला असता. फोटो संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये आयड्रॉपर ठेवून लाल, हिरवा, निळा हे आकडे वाचले. काळा पट्टा 12, 38, 44. काळ्यात तिन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत, तेव्हा हिरव्या-निळ्यातली जादा भर हाच तो पडदा. पांढरी पट्टी 128, 205, 214. इथं लाल किती घटला ते उघड दिसतं. गालाचे आकडे होते 104, 131, 122, म्हणजे हिरवा सर्वांच्या वर. जिवंत माणसाच्या गालाला न शोभणारा क्रम.

मग कर्व्हजमध्ये तिन्ही रंगांच्या रेषा वेगवेगळ्या उघडल्या. प्रत्येक रेषेवर दोनच बिंदू. खालचा असा ओढला की काळा पट्टा तिन्हींत 12 वर यावा, वरचा असा की पांढरी पट्टी तिन्हींत 205 वर यावी. गालाला हातही लावला नाही. तरी त्याचे आकडे आपोआप 165, 119, 101 झाले. त्याच दुपारी छत्रीच्या सावलीत काढलेल्या कोरड्या फोटोत तोच गाल 172, 126, 98 होता. इतकं जवळ येणं पुष्कळ झालं. असा एक कोरडा फोटो काढून ठेवाच. नाहीतर स्क्रीनकडे टक लावून डोळा सरावतो, आणि आपण सावळ्या पोरीला नकळत गुलाबी गोरी करून टाकतो. स्वयंचलित बटणांनाही ही खोड आहे.

मात्र हा इलाज एका अंतरापुरताच असतो. त्याच फोटोत लेकीच्या दीड मीटर मागे तिचा भाऊ होता. तो निळाच राहिला, कारण त्याच्या वाट्याचा लाल आणखी खर्ची पडला होता. आणि कॅमेऱ्याकडे झेपावलेला तिचा हात पेरूच्या गरासारखा गुलाबी झाला. तिघांना तीन मास्क लागले. पाण्याला मात्र मास्कच्या बाहेर ठेवलं. पूल निळाच दिसायला हवा, राखाडी नव्हे. 2019 मध्ये डेर्या आक्कायनाक आणि ताली ट्रायबिट्झ यांनी 'सी-थ्रू' पद्धत मांडली, तिचा गाभा हाच: फोटोतल्या प्रत्येक बिंदूचं अंतर काढायचं आणि त्याप्रमाणे पडदा व घट वेगवेगळी सुधारायची.

कुब्बर बेटाजवळच्या समुद्रात हे आकडे चालणार नाहीत. तिथल्या पाण्यातलं हरितद्रव्य आणि विरघळलेले पिवळसर पदार्थ निळाही खातात, उरतो हिरवा. तिथं टिंटची पट्टी किरमिजीकडे न्यावी लागते.

आणि एक मर्यादा कुठलाही प्रोग्रॅम ओलांडत नाही. त्याच आठवड्यात संध्याकाळी पूलच्या निळ्या दिव्यांत काढलेल्या फोटोत गालावर लाल 6 होता. मुळात उजेडातच लाल नव्हता. तो वीस पटीनं वाढवला तर हाती येतो लाल ठिपक्यांचा कचरा. चॅनल मिक्सरनं हिरव्यातून थोडा लाल उसना घेता येतो, मीही घेतला. पण हिमोग्लोबिन हिरव्याला खातं म्हणून हिरव्या चॅनलमध्ये कातडीवरचा प्रत्येक डाग, पुरळ, लालसर चट्टा काळपट उठून दिसतो. उसन्या लालात तो सगळा ऐवज चेहऱ्यावर आला. लेकीनं तो फोटो पाहिला आणि म्हणाली, "बाबा, मला गोवर झालाय का?" मी तो कृष्णधवल करून टाकला. तोही आईला पाठवला नाही.