कव्हर करण्याआधी स्पाइनची जाडी काढा

२४० पानी पुस्तक म्हणजे कागद फक्त १२०, कारण एका कागदाला दोन पानं असतात. हे विसरलात की स्पाइन थेट दुप्पट होते! आता जाडी. जीएसएम हे वजन आहे, जाडी नव्हे. ७० जीएसएमचे दोन कागद वेगवेगळे फुगीर असू शकतात. म्हणून प्रेसकडून छपाईचाच कागद मागा, १०० कागद घट्ट दाबून मोजा. समजा १० मिमी भरले, म्हणजे एक कागद ०.१ मिमी. १२० कागदांचे १२ मिमी. कव्हरचं कार्ड ०.३ मिमी असेल, तर दोन्ही बाजूंचे ०.६ मिळवा. स्पाइन १२.६ मिमी. बाइंडिंगमध्ये थोडं इकडेतिकडे होतंच, त्यामुळे स्पाइनवरचं नाव दोन्ही कडांपासून दीड-दोन मिमी आत ठेवा. आणि प्रेसने ऐनवेळी कागद बदलला, तर पुन्हा मोजा.