खारट आमटी आणि बटाट्याची कीर्ती

आमटी खारट झाली की बटाटा टाका, मीठ तो शोषून घेतो, हा सल्ला घरोघरी मिळतो. बटाट्याला मात्र मीठ तेवढं वेचून घेता येत नाही. तो खारट पाणीच पितो, आणि मागे उरणारं पाणी तितकंच खारट राहतं. बटाट्यात मुळात बिनमिठाचं पाणी असतं, ते आमटीत मिसळल्याने थोडा फरक पडतो, पण मध्यम बटाट्यात असं पाणी असून असणार किती? अर्धी वाटी. कणकेच्या गोळ्याचीही कथा फारशी निराळी नाही.

मीठ उडून जात नाही. म्हणून उपाय एकच, आमटी वाढवायची. समजा, सहा वाट्या आमटीला दीड चमचा मीठ पुरलं असतं आणि पडलं सव्वादोन, म्हणजे दीडपट. मग आमटीही दीडपट, नऊ वाट्या व्हायला हवी. नुसतं तीन वाट्या पाणी ओतलं तर तिचं सार होईल. त्यापेक्षा अर्धी-पाऊण वाटी तूरडाळ बिनमिठाची शिजवावी, घोटून तीन वाट्या होईल इतकं पाणी घालावं आणि आमटीत मिसळून एक उकळी आणावी. मिरची-मसालाही पातळ झालेला असतो, म्हणून वरून छोटी फोडणी. त्या फोडणीत मीठ घालायचं नाही, हे सांगायची वेळ येते खरी! फार आटवूही नये, कारण पाणी जातं, मीठ राहतं. पुष्कळदा आमटी खारट होते तीही याच कारणाने: पातळ असताना चव जुळवलेली असते आणि नंतर ती आटते.

आंबटाचं तसं नाही. आमसुलं पडली असतील तर ती आधी काढून टाकावीत, नाहीतर उकळताना आणखी आंबटपणा सोडत राहतात. मग गूळ. गुळाने आम्ल कमी होत नाही, जिभेला ते कमी जाणवतं, एवढंच. चिमूटभर खायचा सोडा आम्ल खरोखर मारतो; फेस येतो तो त्याचाच. पण चिमूट जरा मोठी झाली की आमटीला साबणाची चव येते, आणि ती काही केल्या जात नाही.

तिखट रश्शात मात्र पाणी ओतून फारसं साधत नाही, कारण मिरचीतलं जहाल द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. मिसळीचा कट किंवा मटणाचा रस्सा पाच मिनिटं स्थिर ठेवला की लाल तवंग वर येतो. तो डावाने काढून घ्यावा. तिखटाचा मोठा वाटा त्यातच असतो. टाकायचा नाही, ज्याला झणझणीत हवं त्याच्या वाटीत घालायचा. उरलेल्यात दाट नारळाचं दूध किंवा दाण्याचं कूट घालावं. नारळाचं दूध घातल्यावर खळखळ उकळू नये, फाटतं.