नऊ बारची मोजणी आणि न थांबणारी घसरण

टॉम डीमार्क या अमेरिकी विश्लेषकाच्या ‘टीडी सिक्वेन्शियल’ पद्धतीची सुरुवात नऊपर्यंतच्या मोजणीने होते. प्रत्येक दिवसाचा बंद भाव आदल्या दिवसाच्या नव्हे, तर चार सत्रांपूर्वीच्या बंद भावाशी ताडून पाहतात. तो सलग नऊ सत्रे कमी राहिला की विक्रीचा जोर ओसरत आला असावा, असा अंदाज बांधतात. सलग नऊ सत्रे जास्त राहिला तर खरेदीचा. मध्ये एकदा जरी अट मोडली तरी मोजणी रद्द होते. चार सत्रांच्या अंतरामुळे एखाद्या दिवसाची किरकोळ उसळी मोजणी मोडत नाही.

2020 मधील निफ्टीची घसरण या मोजणीवर ताडून पाहण्यासारखी आहे. 17 फेब्रुवारीला निफ्टी सुमारे 12,046 वर बंद झाला, चार सत्रांपूर्वीच्या 12,108 पेक्षा खाली. तिथे ‘एक’ पडला. 19 फेब्रुवारीला निर्देशांक आदल्या दिवसापेक्षा वर गेला, तरीही चार सत्रांपूर्वीच्या पातळीखालीच होता, म्हणून मोजणी चालू राहिली. 28 फेब्रुवारीला ‘नऊ’ पूर्ण झाला. बंद भाव होता सुमारे 11,202. नियमाप्रमाणे इथे उसळी अपेक्षित होती. ती आली, पण 3 मार्चच्या 11,303 पलीकडे कोणताच बंद भाव गेला नाही. 23 मार्चला निफ्टी 7,610 वर बंद झाला. नऊ पाहून खरेदी करणाऱ्याचे भांडवल तोवर जवळजवळ एकतृतीयांशाने घटले होते.

दोष मोजणीच्या घडणीतच आहे. ती फक्त ‘कमी की जास्त’ एवढेच विचारते, किती कमी हे विचारत नाही. 62 अंकांची घट आणि 1,700 अंकांची घट, दोन्हींना एकच आकडा मिळतो. जोरदार घसरणीत प्रत्येक बंद भाव चार सत्रांपूर्वीच्या भावाखाली असणे ही रोजचीच गोष्ट असते, त्यामुळे नऊ हा थकव्याऐवजी कलाच्या ताकदीचाच पुरावा ठरू शकतो. ठरावीक पट्ट्यात वरखाली होणाऱ्या बाजारात मात्र हा आकडा अधिक उपयोगी पडतो.

म्हणून नऊनंतर लगेच खरेदी न करता, बंद भाव चार सत्रांपूर्वीच्या भावावर जाईपर्यंत थांबणे अधिक शहाणपणाचे, असे अनेक जण मानतात. 5 मार्चला ही अट पूर्ण झाली: 11,269, म्हणजे 28 फेब्रुवारीच्या किंचित वर. पण दुसऱ्याच दिवशी निफ्टी 11,000 खाली गेला आणि नवी मोजणी सुरू झाली. जेमतेम 67 अंकांनी मिळालेली पुष्टी तकलादू निघाली. दुसरा ‘नऊ’ 19 मार्चला, 8,263 वर पडला. त्यानंतरही 23 मार्चपर्यंत सुमारे 8 टक्के घसरण झालीच. या वेळी अट पूर्ण व्हायला 25 मार्च उजाडला, बंद भाव 8,318. तिथून पुढे 23 मार्चचा तळ मोडला नाही.