सव्वानऊची घाई महागात पडते

राष्ट्रीय शेअर बाजारात सकाळी सव्वानऊला सौदे सुरू होतात. शेअरचा सुरुवातीचा भाव त्याआधीच्या प्री-ओपन सत्रात सगळ्या ऑर्डरी जुळवून ठरलेला असतो. ऑप्शनला ती सोय नाही. रात्रभरात काय बदललं आणि त्यामुळे प्रीमियम किती असावा, याचा अंदाज पहिल्या काही मिनिटांत उघड्यावरच बांधला जातो. ऑप्शन विकणारा मोठा व्यापारी आपली जोखीम शेअर किंवा फ्यूचर घेऊन झाकतो. पण त्यांचेच भाव तेव्हा उड्या मारत असतात. मग तो विकताना जास्त मागतो आणि घेताना कमी देतो. बिड आणि आस्क यांतलं हे अंतर म्हणजे स्प्रेड.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. शेअर १,५०० रुपयांना, लॉट ५०० चा आणि आपल्याला हवा १,५४० चा कॉल. सव्वानऊनंतर लगेच बिड १८ आणि आस्क २४ दिसतो. मार्केट ऑर्डर टाकली तर कॉल २४ ला पदरात पडतो, आणि त्याच क्षणी विकायचा म्हटलं तर १८ च मिळतात. शेअर जागचा हलला नाही, तरी लॉटमागे ३,००० रुपये गेले. सव्वादहाच्या सुमारास शेअर तिथेच असेल, तर तोच कॉल २०.४० आणि २१.२० असा दिसू शकतो. आता तोटा ४०० रुपयांचा. तेव्हाही २०.८० ची लिमिट ऑर्डर लावून थोडं थांबावं, आणि नाहीच लागली तर दहा-दहा पैशांनी वर सरकावं.

निफ्टीच्या चालू भावाजवळच्या स्ट्राइकमध्ये गर्दी मोठी असते, त्यामुळे तिथे स्प्रेड लवकर आवळतो. शेअरच्या ऑप्शनमध्ये, त्यातही दूरच्या स्ट्राइकमध्ये, तो दिवसभर रुंद राहू शकतो. अशा वेळी घड्याळ बघून काही उपयोग नाही. मार्केट डेप्थमध्ये समोर किती नग उभे आहेत, तेही बघावं. आस्क चांगला दिसतो, पण तिथे एकच लॉट असतो आणि पुढचा भाव दीड रुपयाने वर, असं सर्रास घडतं.

दुपारी तीननंतर चित्र पुन्हा बदलतं. इंट्राडे सौदे मिटवायची धांदल उडते, आणि रात्रभर माल अंगावर ठेवायला नको म्हणून भाव लावणारे हात आखडता घेतात. वर्दळीच्या ऑप्शनमध्ये हे फारसं जाणवत नाही. एक्स्पायरीच्या दिवशी मात्र फायद्यात खोलवर असलेल्या शेअर-ऑप्शनला त्याच्या मूळ किमतीपेक्षाही कमी बिड येते, कारण घेणाऱ्याला शेअरची प्रत्यक्ष डिलिव्हरी उचलावी लागते.

माझ्या मते, सामान्य खरेदीदाराने पावणेदहाच्या आधी ऑप्शनच्या वाटेला जाऊ नये आणि शेअर-ऑप्शनमधून तीनच्या आत बाहेर पडावं. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण सकाळी दहाला जाहीर होतं. त्या दिवशी घोषणेच्या आसपासही स्प्रेड रुंदावतो, तेव्हा खरेदी आणखी तासभर पुढे ढकलावी.