‘जामीन’ शोधला, ‘जामिनाचा’ राहिला

पुस्तक उघडून लिहायच्या परीक्षेत नोट्स हाताशी असतात, वेळ जातो तो पान शोधण्यात. कायद्याच्या विद्यार्थ्याचा करार कायद्याचा पेपर घ्या, घरी बसून लॅपटॉपवर सोडवायचा. वर्गाच्या ड्राइव्हवर सगळ्यांनी मिळून नोट्स चढवलेल्या असतात. काही टाइप केलेल्या, काही मोबाइलवर स्कॅन केलेल्या, काही कुठल्या तरी जुन्या क्लासच्या. शोधचौकटीत शब्द टाकला की सापडेल, या भरवशावर सगळे निर्धास्त. पण यातल्या बऱ्याच फायली संगणकाला वाचताच येत नसतात.

हे ओळखायला प्रत्येक फायलीतली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवून बघा. स्वच्छ मराठी उमटलं तर प्रश्न मिटला. ओळ निवडलीच जात नसेल तर तो नुसता फोटो आहे. तिसरा प्रकार फसवा. पडद्यावर सुंदर मराठी दिसतं आणि चिकटवल्यावर रोमन अक्षरं नि चिन्हांचा काला उमटतो. ती फाइल युनिकोडच्या आधीच्या कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये केलेली असते. डोळ्यांना ‘जामीन’ दिसतो, संगणकाच्या लेखी तिथे भलतंच काहीतरी असतं.

शेवटच्या दोन्ही प्रकारांवर उपाय एकच, पानं पुन्हा ‘वाचून’ घेणं. ओसीआरमायपीडीएफ आणि पीडीएफग्रेप ही दोन्ही साधनं फुकट आहेत. मराठीची भाषा-फाइल तेवढी वेगळी बसवावी लागते. स्वच्छ निघालेल्या फायली तशाच ‘ok’ नावाच्या फोल्डरमध्ये टाका, बाकीच्यांवर पहिली आज्ञा चालवा. दुसरी आज्ञा शोधासाठी.

```
ocrmypdf --force-ocr -l mar+eng 03-hami.pdf ok/03-hami.pdf
pdfgrep -n "जाम" ok/*.pdf
```

दुसऱ्या आज्ञेचं उत्तर फायलीचं नाव, पान क्रमांक आणि ती ओळ असं येतं, तेही इंटरनेट नसताना. हस्ताक्षरातल्या नोट्सचं मात्र याने काही होत नाही. हे वाचन छापील अक्षरांसाठी आहे, वहीतल्या घाईच्या अक्षराचा त्यात चुरा होतो.

‘जामीन’ न टाकता ‘जाम’ का टाकला? कारण नोट्समध्ये तो ‘जामिनाचा’, ‘जामिनावर’ असाही येतो आणि विभक्ती लागली की दीर्घ ‘मी’चा ऱ्हस्व ‘मि’ होतो. संगणक अक्षरं जुळवतो, व्याकरण जाणत नाही. ‘वकील’ आणि ‘वकिलाने’ यांचंही तेच, ‘भाडे’ आणि ‘भाड्याचा’ यांचंही. म्हणून न बदलणारा तुकडाच शोधावा. थोडी नको ती पानंही येतील, ती नजरेखालून घालणं परवडतं. शिवाय टाइप करणाऱ्याने तोच शब्द इंग्रजीत लिहिला असेल, तर `surety` असाही एक शोध घ्यावा.

एवढं करूनही खरी अडचण उरते. पेपरात प्रश्न असा येतो: काकांच्या जामिनावर बँकेने पुतण्याला कर्ज दिलं. पुढे बँकेने आणि पुतण्याने काकांना न विचारता व्याजदर वाढवला. पुतण्याने हप्ते थकवले. काका कितपत बांधील? इथे ‘जाम’ शोधलं तर हमीच्या प्रकरणातलं पानन्‌पान समोर येईल. हवं आहे भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 133: जामीनदाराच्या संमतीशिवाय अटी बदलल्या, तर त्या बदलानंतरच्या व्यवहारांपुरता तो मोकळा होतो.

म्हणून यंत्राच्या शोधाला हाताने केलेल्या सूचीची जोड लागते. स्प्रेडशीटमध्ये तीन रकाने पुरतात: प्रसंग, कलम, फाइल व पान. पहिल्या रकान्यात धड्याचं शीर्षक लिहू नका, प्रश्न ज्या भाषेत येईल ती भाषा लिहा. ‘न विचारता व्याज वाढवलं’ समोर 133. ‘बँकेने मूळ कर्जदारालाच सोडून दिलं’ समोर 134. ‘परस्पर मुदत वाढवून दिली’ समोर 135. ‘तारण ठेवलेलं सोनं बँकेने परत केलं’ समोर 141. वहीतल्या हस्तलिखित पानांना तर सापडण्याचा हा एकच मार्ग आहे. सूची मी धडा वाचतानाच करायला सांगेन. दुसऱ्याची आयती सूची घेतली की तिच्यातले शब्द ऐनवेळी आपल्याला सुचत नाहीत.

पान क्रमांक लिहिताना पीडीएफ दाखवते तोच लिहा. मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिकेमुळे छापील आकडा मागे राहतो आणि प्रत्येक वेळी दोन-चार पानं इकडे-तिकडे व्हावं लागतं. मग मागच्या वर्षीचा पेपर घेऊन बसा आणि जो प्रश्न सूचीत सापडला नाही, त्याच्याच शब्दांत नवी ओळ घाला.

सुरुवात करण्याआधी परीक्षेचे नियम नीट वाचा. काही ठिकाणी फक्त कागद चालतो, तिथे सूचीही छापूनच न्यावी लागेल. अखिल भारतीय बार परीक्षेत तर नोट्सच चालत नाहीत, टिपा नसलेला मूळ कायदा तेवढा सोबत नेता येतो.