आधी आकडे, मग भाषा

राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन जाणार असली की गावात पहिल्यांदा फिरतो तो मोबाइलवर काढलेला इंग्रजी अधिसूचनेचा फोटो. कागदाची घडी, टेबलावरची सावली आणि व्हॉट्सॲपने कमी केलेला दर्जा यांमुळे त्यात ३ आणि ८ सारखेच दिसू लागतात. गावाला मात्र त्याचा मराठी मजकूर संध्याकाळपर्यंत हवा असतो.

अनुभवी अनुवादक अशा वेळी पहिल्या ओळीपासून अनुवाद करत सुटत नाही. फोटो मोठा करून तो आधी त्यातल्या प्रत्येक आकड्याची यादी करतो: गट क्रमांक, क्षेत्र, तारीख, रक्कम आणि कोणता आकडा कशाचा. अनुवाद झाल्यावर ही यादी मराठी मजकुराशी एकेक करून ताडून पाहिली जाते. आकडे देवनागरीत लिहिताना आणखी एक सापळा असतो. मराठी ४ हा इंग्रजी आठासारखा दिसतो, त्यामुळे घाईत एकाच्या जागी दुसरा सहज बसतो.

रकमेची खातरजमा बेरजेने होते. नमुन्यादाखल, मोबदल्याच्या नोटिशीत जमीन, झाडे व बांधकाम यांचे मूल्य ९,२३,६५० रुपये, शंभर टक्के दिलासा रक्कम तेवढीच आणि एकूण १८,४७,३०० रुपये आहे, असे समजू. फोटोत पहिला आकडा कोणी ९,२८,६५० असा वाचला, तर बेरीज जुळणार नाही आणि चूक तिथेच पकडली जाईल. मूळ कागदावरच बेरीज चुकली असेल, तर ती अनुवादात दुरुस्त करायची नाही. आहे तशी लिहून खाली टीप द्यायची.

मुदतीचे वाक्य सर्वांत नाजूक. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ च्या कलम ३ग नुसार हरकतीसाठी २१ दिवस मिळतात आणि ते राजपत्रात अधिसूचना प्रसिद्ध झाल्याच्या दिनांकापासून मोजले जातात. वर्तमानपत्रातली जाहिरात नंतर येऊ शकते. म्हणून ‘नोटीस मिळाल्यापासून २१ दिवसांत’ असे सैल मराठी केले, तर शेतकऱ्याची मुदत त्याला न कळताच संपू शकते. अचूक वाक्य असे होते: ‘हितसंबंधित व्यक्तीस अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध झाल्याच्या दिनांकापासून २१ दिवसांच्या आत सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी हरकत दाखल करता येईल.’

प्रसिद्धी १२ मार्चची असेल आणि तो दिवस सोडून मोजले, तर एकविसावा दिवस २ एप्रिलला येतो. मूळ नोटिशीत ही तारीख नसेल, तर अनुवादातही घालू नये. वाचकाच्या सोयीसाठी ती वेगळ्या टिपेत सांगता येते.

एखादा अंक वाचताच येत नसेल, तर अंदाज न बांधता ‘छायाचित्रात अस्पष्ट’ असे लिहावे. केंद्र सरकारचे राजपत्र egazette.gov.in वर पाहता येते. अनुवाद कोणाच्याही हाती देण्याआधी तिथली मूळ अधिसूचना काढून तिच्याशी प्रत्येक आकडा पडताळून घ्यावा.